उस्तादांची खाज

उस्तादांच्या खुर्चीत बसलं की माणूस बोलायला लागतो. मान मागे टेकते, गालावर फेस चढतो, आणि जे बायकोला सांगितलेलं नसतं ते उस्तादांना सांगितलं जातं. कुणाची मूळव्याध, कुणाची सासू, कुणाचा मुलगा परीक्षेत कितव्यांदा आपटला, सगळं त्या आरशासमोर निघायचं. उस्ताद नुसतं ‘हं’ म्हणत वस्तरा चालवायचे. एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला त्यांनी कधी सांगितलं नाही. दुकान चालायचं ते अर्धं हाताच्या सफाईवर आणि अर्धं या मिटल्या तोंडावर.

आता गंमत बघा. असा माणूस, आणि त्याला स्वतःला जी गोष्ट झाली ती सांगायला त्याच्याकडे एकही खुर्ची नव्हती.

झालं होतं एवढंच, की उस्तादांना खाज सुटत होती. खाज कुठे सुटावी याला काही धरबंध असतो, पण ही नेमकी बसायच्या जागी, अगदी मधोमध. दिवसभर ती गप्प असायची. रात्री अंथरुणाला पाठ टेकली, पांघरूण उबदार झालं, की तिला जाग यायची. उस्ताद कूस बदलायचे, पाय आवळायचे, मनातल्या मनात उलटे आकडे मोजायचे. शेवटी हात जायचाच.

उस्तादांनी याचा अर्थ असा लावला की आपली स्वच्छता कमी पडतेय. हा आरोप त्यांना फार लागला. टॉवेल रोज उकळणारा, गिऱ्हाईक उठलं की खुर्ची पुसणारा माणूस, आणि त्याच्याच अंगाला अस्वच्छतेचा डाग? त्यांनी मोहीम उघडली. सकाळ-संध्याकाळ दाढीच्या साबणाचा भरघोस फेस काढून ते ती जागा घासू लागले. तेवढ्याने भागेना म्हणून पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओतलं. मग तुरटी फिरवली. तो खडा वेगळा होता, दुकानातला नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर अर्धं गाव दाढी वाढवेल.

आणि एका रात्री त्यांनी आफ्टरशेव्ह लावलं.

गालाला लावतात, थोडं झोंबतं, मग गार वाटतं, जंतू मरतात. हिशोब बरोबर होता, फक्त गाल वेगळा होता. उस्ताद न्हाणीघरात नळाला धरून बराच वेळ उभे होते. बायकोने बाहेरून विचारलं, काय झालं. ते म्हणाले, साबण डोळ्यात गेला. तसा वासही येत होता, त्यामुळे तिने पुढे विचारलं नाही.

मग औषधाच्या दुकानातून त्यांनी एक ट्यूब आणली. नाव सांगायची लाज वाटली म्हणून ‘नायट्यासाठी’ असं मोघम सांगितलं. ती लावली की दोन रात्री छान जायच्या आणि तिसरीला खाज व्याजासकट परत यायची. कातडी चिरली होती, ओलसर राहायची, घाम आला की आग व्हायची. ओलसर आहे म्हणून ते आणखी धुवायचे.

घरात माणसं तीनच. उस्ताद, त्यांची बायको आणि नात. नातीला सगळे चिमणी म्हणत. ती बालवाडीत जायची. तिची आई, म्हणजे उस्तादांची मुलगी, नोकरीच्या पाळ्यांमुळे तिला आठवडाभर आजीआजोबांकडे ठेवायची, आणि चिमणी दोघांच्या मध्ये झोपायची. आता मुलीची बदली दुसऱ्या गावी झाली होती. तिचा आग्रह होता की आईनेही बरोबर यावं, पोरीला सांभाळायला. बायकोने होय-नाही काहीच कळवलं नव्हतं. उस्तादांना वाटायचं, ही कशाला जाईल? आणि विचारायचीही त्यांना भीती वाटायची.

अशा नाजूक वेळी उस्तादांनी एके दिवशी उशी काखोटीला मारली आणि जाहीर केलं की आजपासून आपण दुकानात झोपणार. कारण काय, तर चोऱ्या वाढल्यात. दुकानात चोरण्यासारखं म्हणजे दोन जुन्या खुर्च्या आणि एक फुटका पंखा. खरं कारण असं की अंथरुणात सारखी चाललेली चुळबुळ बायकोच्या लक्षात येईल, ती विचारेल, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिला आपली शिसारी येईल. ती ‘बरं’ म्हणाली. चादर घडी करून हातात दिली.

दुसऱ्या दिवशी कपाटावरची मोठी पिशवी खाली आली. उस्ताद जेवायला घरी गेले तर ती भिंतीशी उभी, अर्धी भरलेली. त्यांनी तिच्याकडे दोनदा बघितलं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, की आमटीत मीठ कमी आहे.

झोप नसलेल्या माणसाच्या हातात वस्तरा देऊ नये. निवृत्त हेडमास्तर उस्तादांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक, रोज सकाळी यायचे. त्या दिवशी त्यांच्या हनुवटीखाली वस्तरा असताना उस्तादांचा डोळा लागला. क्षणभरच. फेसात लाल रेघ उमटली. हेडमास्तर ओरडले नाहीत, पण त्यांनी उस्तादांचं मनगट धरून वस्तरा हळूच बाजूला ठेवायला लावला. जखम मोठी नव्हती. उस्तादांनी मात्र त्या दिवशी पुन्हा वस्तरा उचलला नाही. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून असं झालं नव्हतं.

बातमी घरी पोचायला कितीसा वेळ लागतो? बायको चपला घालून दुकानात आली, कुलूप लावलं आणि उस्तादांना दवाखान्यात घेऊन गेली. तिला वाटत होतं, काहीतरी मोठा आजार आहे आणि हे लपवताहेत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. उस्तादांना पुरुष डॉक्टर हवा होता, पण तो रजेवर होता. बायको शेजारच्या स्टुलावर बसली आणि उठायचं नाव घेईना. उस्तादांनी झोप येत नाही एवढंच सांगून पाहिलं. का येत नाही, असं बाईंनी विचारलं. मग उस्तादांनी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत सगळं सांगितलं. साबण, जंतुनाशक, तुरटी. आफ्टरशेव्हपाशी बाईंनी लिहिणं थांबवलं, पण हसल्या नाहीत. ही त्यांची मेहेरबानी उस्ताद कधी विसरले नाहीत.

बाईंनी पडद्याआड तपासलं. रक्त पडतं का, गाठ लागते का, शौचात काही बदल झाला का, साखर तपासली आहे का, हे सगळं विचारून घेतलं. मूळव्याध, बुरशी, साखर, चिकट होणारं शौच, फार तिखट, फार कॉफी, अशा खाजेला कारणं पुष्कळ असतात, म्हणाल्या. पण तुमची कातडी तुम्ही स्वतः सोलून काढली आहे. ती घाणेरडी नाही, उलट जास्त धुतली गेली आहे. आणि ती ट्यूब बंद, तिने कातडी पातळ होते.

मग त्या थांबल्या. धुणं तर नंतर सुरू झालं, खाज आधी होती, आणि तीही रात्रीच. “घरात आणखी कुणाला होतं का असं?”

उस्ताद ‘नाही’ म्हणायला तोंड उघडणार, तोच स्टुलावरून आवाज आला.

“मला होतं,” बायको म्हणाली. “आणि चिमणी झोपेत खाजवते.”

उस्तादांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

बाईंनी चिमणीसाठी पारदर्शक चिकटपट्टी दिली. सकाळी उठल्याउठल्या, धुवायच्या आधी, त्या जागी लावून काढायची आणि आणून द्यायची. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली अंडी दिसली. जंत. पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्याएवढे. मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते, म्हणून खाज रात्री. खाजवलं की अंडी नखात, नखातून तोंडात, आणि चादरीतून शेजारी झोपणाऱ्याकडे. बालवाडीतून कुणाच्याही घरी येतात, यात अस्वच्छतेचा प्रश्न नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा उस्तादांकडे बघून.

औषध सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचं, चिमणीच्या आईनेही, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. चादरी, कपडे गरम पाण्यात. सकाळी अंघोळ. नखं अगदी बारीक. उस्तादांना वेगळं पथ्य मिळालं: नुसतं कोमट पाणी, साबण नाही, घासायचं नाही, मऊ कापडाने टिपायचं, कोरडं करायचं, वर जस्ताच्या मलमाचा पातळ थर, आणि सैल सुती कपडे. टिपून कोरडं होत नसेल तर केस वाळवायचं यंत्र, पण गार हवेवर. ते यंत्र दुकानात होतंच. उस्तादांनी घरासाठी दुसरं आणलं, हेही आधीच सांगतो.

जंत लवकर गेले. कातडी सावरायला मात्र बरेच आठवडे लागले, कारण रात्रीची खाजवायची सवय हाताला लागली होती. त्यांनी सुती हातमोजे घालून झोपायला सुरुवात केली. बरं वाटल्यावरही साबणाला हात लावला नाही. हेडमास्तर परत आले, आल्याआल्या झोप लागली का म्हणून विचारू लागले. पण खरी गोष्ट घडली ती औषध घेतलं त्याच संध्याकाळी.

उस्तादांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं. चिमणीची नखं कापून झाली होती आणि ती बाकावर झोपली होती. बायको म्हणाली, माझी घरी कापीन. उस्तादांनी खुर्ची पुसली आणि तिला बसायला सांगितलं. दुकान काढल्यापासून ती या खुर्चीत कधी बसली नव्हती. तिने मान मागे टेकली. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि करंगळीपासून सुरुवात केली.

आणि खुर्चीत बसल्यावर सगळ्यांचं होतं तसंच तिचं झालं.

“तुम्ही उशी घेऊन निघालात ना,” ती आरशाकडे न बघता म्हणाली, “मला वाटलं, माझं तुम्हाला कळलं. माझी किळस आली म्हणून निघालात.”

उस्तादांच्या हातातलं नेलकटर थांबलं. एकाच अंथरुणात, नातीच्या दोन बाजूंना, दोघंही पाय आवळून श्वास रोखून पडलेली, आणि दोघांनाही दुसऱ्याची भीती. त्यांना रडू आलं. त्यांनी डोळे पुसले नाहीत, कारण हात गुंतलेले होते.

“मी तुझ्यापासूनच लपवत होतो,” ते म्हणाले. “तू जाऊ नकोस.”

तिने दुसरा हात पुढे केला. त्यांनी अंगठ्यापर्यंत सगळी नखं कापली, खाली पडलेली गोळा करून कागदात गुंडाळली. ती खुर्चीतून उठली, चिमणीला खांद्यावर घेतलं आणि शटरखालून वाकता वाकता म्हणाली, “उशी घेऊन चला. आणि त्या पिशवीतले कपडेही धुवायला काढायचेत. बाई म्हणाल्या ना, सगळे.”

उस्तादांनी उशी काखोटीला मारली, पंखा बंद केला आणि दुकानाला कुलूप लावलं.