बाईच्या पन्नाशीची पहिली मेणबत्ती

हे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, दारू प्यायच्या दिवसांत दोस्तांनाही नाही. आणि मी काही मुका माणूस नव्हे बरं — उलट पुसदला लग्न असो, नामकरण असो, माईक माझ्याच हाती. लोक म्हणतात, याच्या जिभेला हाड नाही. मग ही एकच गोष्ट घशात कशी अडकून राहिली? सांगतो. जरा आडवाटेनं सांगतो, चालवून घ्या.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाईच म्हणतात. ती पुसदजवळच्या खेड्यात अंगणवाडीताई होती. तिला पन्नास वर्षं पूर्ण झाली ते दिवस कापसाचे वाईट दिवस होते. बोंडं किडत होती, भाव पडत होता, आणि कोणत्या ना कोणत्या गावातून रोज एखाद्या कर्त्या माणसानं जीव दिल्याची बातमी येत होती. अशात वाढदिवस कशाला, असं बाईच म्हणत होती. पण तिची मुलगी पौर्णिमा हट्टाला पेटली.

पौर्णिमेनं सगळं नीट ठरवलं होतं. केक नाही, मेणबत्त्या विझवणं नाही. उलट पेटवायच्या — पाच मेणबत्त्या, दर दहा वर्षांना एक. त्या-त्या वर्षांत ज्यानं बाईला जवळून पाहिलं, त्यानं उठायचं, तेव्हाची एक खरी गोष्ट सांगायची, मेणबत्ती लावायची आणि बसायचं. बाईनं मधे बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. पाचवी लागली की मग तिनं बोलायचं — पुढं काय करावंसं वाटतं ते. त्यानंतर पाटवडी-रस्सा आणि खीर. कुणीतरी गंमत म्हणून रिबीन बांधलेली काठी आणली होती, ती पोरीनं दाराबाहेरच ठेवायला लावली.

मलाही तिनं आधीच बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, चष्मा, कवळी, काठी — म्हातारपणाचं काही नोको. आपल्या इकडं किती जण पन्नाशीले पोचलेच नाहीत. माही आई पोचली. हे हसण्यावारी नाही न्यायचं."

मी म्हटलं, बरं. मग ती म्हणाली, पहिली मेणबत्ती तुमची — लहानपणाची. आईनंच सांगितलं, ती मामालेच दे म्हणून.

आईनंच सांगितलं. हे ऐकलं आणि मी तिथून काढता पाय घेतला. का? त्यासाठी विहिरीपाशी जावं लागेल.

आमचं लहानपण फुलसावंगीचं. गावात आजही म्हातारी माणसं सांगतात, या पोरानं बहिणीला विहिरीतून काढलं. एवढंसं पोर, पण काय छाती. शाळेत माझा सत्कार झाला, सदऱ्याचं कापड मिळालं. आणि बाईला? बाईला जन्मभर एकच ऐकावं लागलं — भावानं वाचवलं तुले, त्याचं ऐकत जा. तिला पुसदला पुढं शिकायचं होतं तेव्हा हेच. मला पसंत पडलेल्या स्थळाला ती नाही म्हणत होती तेव्हाही हेच. तिचं जगणं जणू माझ्याकडून उसनं आणलेलं होतं.

आणि खरं काय होतं? कापूस वेचायला गेलो होतो. विहिरीकडं जायचं नाही अशी बापाची तंबी होती, म्हणून मी गेलो. पाय सरकला. बाई आली ती मोटेचा दोर धरून खाली उतरली. तिला पोहता येत नव्हतं. तिनं माझे केस धरले, मला दगडाच्या खाचेत ढकललं, मग वर रेटलं. तिच्या तळहातांची सालटं निघाली होती. वर आली आणि कोसळली, पाणी ओकत राहिली. मी उभा होतो, म्हणून माणसं धावत आली तेव्हा त्यांनी मलाच विचारलं, कोनं काढलं कोनाले? बाप मागून येताना दिसला. मी म्हणालो — मी. मी काढलं बाईले.

बाईनं डोळे उघडले होते. तिनं ऐकलं. ती काही बोलली नाही. बाप मला झोडपणार हे तिलाही माहीत होतंच. त्या दिवशी तिनं मला दुसऱ्यांदा वाचवलं म्हणा ना.

तर पन्नाशीच्या संध्याकाळी मी ठरवून गेलो होतो. आज सांगायचं. अंगणात चटया टाकल्या होत्या. पंचशील झालं. बाई निळ्या काठाच्या पांढऱ्या लुगड्यात बसली होती, हात मांडीवर ठेवून, आणि माझ्याकडं पाहत होती. रागानं नाही हो. सणाला माहेरचं माणूस येणार म्हणून सासुरवाशीण दाराकडं बघते ना, तशी. एवढी वर्षं तिनं मागितलं नव्हतं, आणि आजही मागत नव्हती. फक्त जागा करून दिली होती.

मी माईक घेतला. समोर फुलसावंगीची माणसं होती, माझी पोरं होती. तोंड उघडलं आणि काय निघालं? "बाईनं पन्नाशी गाठली बरं का. आता पहिले चष्मा विसरन, मंग भाजीत मीठ विसरन, आन् एक दिवस मलेच विचारन, तू कोन बाप्पा?"

अंगण हसलं. खूप हसलं. त्या दिवसांत लोक हसायला भुकेलेच होते. मी मेणबत्ती लावली आणि बसलो. झालं, बांध फुटला. पुढचा उठला तो कवळीवर बोलला, त्याच्या पुढचा गुडघ्यांवर. चौथा उठला तो दाराबाहेर ठेवलेली काठीच आत घेऊन आला. पाचवी मेणबत्ती वनिता नावाच्या तरुण बाईची होती. तिचा नवरा आदल्या वर्षी गेला, तेव्हा बाई कितीतरी रात्री तिच्या घरी जाऊन झोपली होती. वनिता पदराचं टोक मुठीत धरून बसून राहिली, उठलीच नाही. असल्या हसण्यात ती काय बोलणार? तिच्या वाट्याची मेणबत्ती कुणीतरी परस्परच पेटवली आणि पंगत बसली.

बाई पुढं काय करणार होती, ते तिला बोलायला मिळालंच नाही. तीही हसत होती. माझ्या पानात तिनं स्वतःच्या हातानं खीर वाढली. पौर्णिमा मात्र त्या दिवसापासून मला मामा म्हणते, पण माझ्या डोळ्यांत बघत नाही.

ती संध्याकाळ मला अजून हवी आहे. तीच चटई, तोच माईक, आणि बाईचं ते बघणं. दुसऱ्यांच्या समारंभात पहिली मेणबत्ती लागली की माझा जीव तिकडंच ओढतो. किती लांबचं मागतोय मी.

बाई आता थकली. खरंच विसरायला लागली आहे — मीठ, वार, पौर्णिमेचं नाव. परवा गेलो होतो. तिच्याजवळ बसलो, तळहात उलटा केला. दोराचा वळ अजून पुसट दिसतो. दाराशी कुणी नव्हतं. म्हटलं, बाई, त्या विहिरीतून तूच काढलं होतं मले. मी खोटं बोललो होतो.

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "नाही रे बाप्पा. माह्या भावानं काढलं होतं मले. लय गुणाचा हाये तो. तू ओळखतं का त्याले?"

मी म्हणालो, हो, ओळखतो.