बघूसाहेबांना आठवण

लाँड्रीताई माणसांची पारख करायच्या ती गाठोड्यांवरून. नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा इस्पितळाच्या तळघरात इस्त्रीवर लागलेल्या ह्या बाई बावीस वर्षांत धुलाई विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या. कुठल्या वॉर्डातली सिस्टर कामसू आणि कुठली वेळकाढू, हे मळक्या चादरींची गाठ कशी मारलीय त्यावरून त्या सांगत, आणि वेळकाढू माणसाला त्यांच्याकडे क्षमा नव्हती. मुलगा म्हणायचा, "आई, तू माणसाला दोन मिनिटांत मोडीत काढतेस."

"मोडीतलाच असेल तर दोन मिनिटं तरी कशाला घालवू?"

सध्या त्यांच्या मोडीत सगळ्यात वर होते बघूसाहेब. हे सेवा विभागाचे व्यवस्थापक. कुठल्याही कागदावर "बघूया" म्हणायचे, म्हणून हे नाव. ताईंनी खरेदीचे चार अर्ज संगणकावर टाकले होते: धुलाई यंत्राचा पट्टा, साबणाच्या द्रवाचे डबे, ढकलगाडीची चाकं आणि जाड हातमोजे. साहेबांनी मंजुरीचं बटण दाबल्याशिवाय खरेदीवाले पुरवठादाराला ऑर्डर देऊ शकत नव्हते, आणि ते बटण त्यांनी एकोणीस दिवस दाबलं नव्हतं.

तीनपैकी एक यंत्र बंद पडलं होतं. वॉर्डातून चादरींसाठी फोनवर फोन येत होते. मळके कपडे वेगळे करणारे मामा फाटक्या हातमोज्यांवर चिकटपट्टी लावून काम करत होते. कपड्यांत कधी एखादी सुई राहून जाते, हे इस्पितळात शेंबड्या पोरालाही ठाऊक. साहेबांना मात्र सवड नव्हती. जिन्यात भेटले की हसायचे. "ताई, माझ्या लक्षात आहे हं!"

"लक्षात ठेवायला डोकं लागतं," ताई मामांना म्हणाल्या.

सोमवारी संध्याकाळी घरी त्यांनी साहेबांसाठी फोनवर निरोप लिहिला आणि सुनेला वाचायला दिला. सून एका शाळेच्या कार्यालयात होती. असली पत्रं तिच्या हाताखालून रोज जायची.

"'तुमच्यापेक्षा तुमच्या खुर्चीला जास्त काम पडतं.' आई, हे काढा."

"खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणूनच काढा. ते ह्याच वाक्यावर रुसून बसतील आणि पट्टा तिथंच राहील."

ताईंनी नाक मुरडलं, पण वाक्य खोडलं. दोघींनी मिळून लिहिलं ते असं:

"नमस्कार साहेब. खाली क्रमांक दिलेले चार अर्ज आपल्या मंजुरीसाठी एकोणीस दिवस थांबले आहेत. पट्ट्याचा दर शुक्रवारपर्यंतच लागू आहे. नंतर दरपत्रक नव्याने मागवावं लागेल. हातमोजे कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी तातडीचे आहेत. कृपया बुधवारी दुपारपर्यंत मंजूर करावेत, किंवा शंका लिहून परत पाठवावेत. आपल्याला वेळ नसल्यास मंजुरीचा अधिकार दुसऱ्या कुणाकडे द्यावा. तोवर निर्णय न झाल्यास मला अधीक्षकांना कळवावं लागेल."

सकाळी निरोप गेला. संतापाने लिहिलेलं पत्र ताईंना आवडलं असतं. हे गुळगुळीत पत्र त्यांना घशाखाली उतरेना.

मंगळवारी दुपारी उत्तर आलं: अंगठा. नुसता पिवळा अंगठा.

"हा माणूस लग्नातही अंगठाच दाखवून आला असेल," ताई म्हणाल्या. मामा हसता हसता खाली बसले.

बुधवारी अकराला तीन अर्ज मंजूर झाले. चौथा, हातमोज्यांचा, नामंजूर. सगळ्यात किरकोळ वस्तू. कारणाचा रकाना कोरा. ताईंना कळायला वेळ लागला नाही: आपण डोळे मिटून सही करत नाही, एवढं दाखवायला साहेबांनी एक बळी दिला होता.

त्या वर जायला निघाल्या, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबल्या, आणि परत येऊन खुर्चीत बसल्या. वर जाऊन तोंड सोडलं असतं तर साहेब पुढचे सहा महिने 'बाईंचा स्वभाव' सांगत फिरले असते. त्यांनी लिहिलं: "साहेब, तीन मंजुऱ्यांबद्दल आभार. हातमोजे नामंजूर करण्याचं कारण कृपया रकान्यात लिहावं, म्हणजे मामांना आणि संसर्ग-नियंत्रणाच्या सिस्टरना ते दाखवता येईल. सिस्टरना ह्या निरोपाची प्रत दिली आहे. अर्ज पुन्हा टाकत आहे."

सहाव्या मिनिटाला अर्ज मंजूर झाला. मागोमाग निरोप: "चुकून दाबलं गेलं, ताई."

"चुकून!" ताईंनी फोन टेबलावर उलटा ठेवला. जिंकल्याचं सुख काही वाटेना. ज्या माणसाची किंमत एका फाटक्या टॉवेलाएवढी, त्याच्यासाठी आपण तीन दिवस शब्द वेचत बसलो, हीच टोचणी होती. घरी सून म्हणाली, "पण आई, काम झालं की नाही?"

"झालं. आणि 'कृपया' हा शब्द आयुष्यभराचा संपला माझा."

पुढच्या आठवड्यात हातमोजे आले. बैठकीत बघूसाहेबांनी स्वतःच्या पाठपुराव्याचा उल्लेख केला, तेव्हा ताईंनी मान खाली घालून वहीत लिहायला घेतलं: पुढच्या तिमाहीचे अर्ज, दीड महिना आधी.