हेड ऑफिसला पटेल असं कारण

आमच्या तेलगिरणीत सगळेच मेल अर्जंट. माशी मारायचं औषध मागवायचं, तरी विषयात 'अर्जंट'. म्हणून पुण्याच्या हेड ऑफिसला त्या शब्दाची किंमत कवडीची. मी परभणीच्या हिशेब खात्यात कारकून. पैसे सोडायचा हक्क पुण्याचा, शिव्या खायचा माझा.

झरी गावचा एक लेथवाला आमच्या मशिनींचे शाफ्ट बनवून द्यायचा. मार्चअखेर आली तरी त्याचं बिल लटकलेलं. त्याच्या वर्कशॉपची वीज शुक्रवारी तोडणार होते. वीज गेली की लेथ बंद, लेथ बंद की घरची चूल बंद. मी मेल लिहिला: बिल बरोबर आहे, माल स्टोअरला जमा आहे, मॅनेजरांची मंजुरी जोडली आहे, शुक्रवारच्या आत पैसे न गेल्यास वीज तुटेल, कृपया प्राधान्य द्यावं. उत्तर आलं, वीजबिल हा पुरवठादाराचा खासगी प्रश्न आहे, पुढच्या फेरीत बघू. डोकंच फिरलं माझं. माणसाचं कारण चालत न्हाई म्हणल्यावर कोणतं चालतं, ते मला ठाऊक होतं.

दुसरा मेल लिहिला. हा पुरवठादार लघुउद्योग म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे करारातल्या पंचेचाळीस दिवसांत त्याचे पैसे देणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि ती मुदत गुरुवारी संपते. मुदत उलटली आणि मार्चअखेरपर्यंत पैसे गेले नाहीत, तर हा खर्च यंदाच्या आयकरात धरता येणार नाही, वर व्याजही द्यावं लागेल. जेवायच्या सुट्टीआधी पैसे जमा! एवढी घाई त्यांनी कधी केली असेल तर देव जाणे.

एप्रिल लागला आणि पुण्याहून फर्मान आलं. माझ्याच मेलखाली उत्तर होतं: अशी कटकट पुन्हा नको, नोंदणी असलेल्या छोट्या पुरवठादारांनी नोंदणी रद्द करावी, नाहीतर त्यांना नवीन ऑर्डर देऊ नये. मॅनेजर माझ्याकडं न बघता म्हणाले, तुमीच कळवा त्या लेथवाल्याला. मी भांडले. ते म्हणाले, माझ्याही पोटावर पाय येईल, बाई. लाज वाटत नाही का, हे त्यांना विचारायचं होतं, ते तोंडातच राहिलं.

दोन दिवसांनी लेथवाला माझ्या मेलमुळं पैसे मिळाले म्हणून पेढे घेऊन आला, पोखर्णीला नरसिंहाला जाऊन. एक पेढा माझ्या हातावर ठेवला. मग मी सांगितलं. नोंदणी होती म्हणूनच बँकेनं त्याला लेथसाठी कर्ज दिलं होतं. पण आमच्याशिवाय काम देणारं दुसरं कोणी त्याला नव्हतं.

"मंग रद्द करावंच लागंल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच मला सहन झालं न्हाई. उठता उठता तो थांबला.

"ताई, त्यो अर्ज तुमीच लिहून द्या. तुमी लिहिलेलं लगेच मंजूर व्हतंय."