भाचीचा कान अर्जात लिहावा की नाही

समस्त आप्तेष्टांस कळवण्यात येते की, त्या रविवारी हळ्ळीखेडला आमच्या ओसरीवर एका गंभीर प्रश्नाचा निकाल लागायचा होता आणि तोवर कोणालाही उठायची परवानगी नव्हती. प्रश्न असा: भाचीने नोकरीच्या अर्जात कान लिहावा की नाही?

तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्याला मशीन आहे, बाकीचं ती ओठांवरून वाचते. मराठी, कन्नड, दख्खनी, तिन्ही. शिकली लॅब टेक्निशियनचं. हुमनाबादच्या एका खासगी दवाखान्यात जागा होती आणि ही तिची तिसरी खेप, आधीच्या दोन दुसरीकडे. पहिल्या अर्जात तिने पहिल्याच ओळीत कान लिहिला; उत्तरच आलं नाही. दुसऱ्यात लिहिला नाही. मुलाखतीत मास्कवाल्या डॉक्टरांनी विचारलं एक, हिने सांगितलं भलतंच.

तिचे वडील, म्हणजे आमचे दाजी, म्हणाले, सरकारी राखीव जागा असती तर प्रमाणपत्र जोडून सांगावंच लागलं असतं. इथं कोणी विचारत नाही तर गप्प बसावं. मी तर या विषयातला अधिकारी माणूस. अर्ध्या गावाच्या लग्नाचे बायोडाटा माझ्या हातचे, आणि त्यात चष्मासुद्धा कधी येत नाही. तो पाहुण्यांनी बघायला आल्यावर शोधायचा! तरी तिच्या आईचे, म्हणजे अक्काचे, भरलेले डोळे बघून मी ‘दैवाने हिरावलेलं श्रवण’ असा एक परिच्छेद सुचवला. अक्का रडली. भाची पोट धरून हसली.

“मामा, हे स्थळ न्हाई,” ती म्हणाली. “अर्जात माझं काम सांगते. बोलावणं आलं की कान सांगते.”

तसंच केलं. बोलावणं आल्या संध्याकाळी तिने मेसेज पाठवला: मला श्रवणयंत्र आहे, बोलणाऱ्याचा चेहरा दिसला की समजतं, मुलाखतीत मास्क खाली घ्यावा किंवा प्रश्न लिहून द्यावेत, लॅबमध्ये तोंडी निरोपाऐवजी चिठ्ठी द्यावी. त्यात ना दैव, ना माफी. इतकं नेटकं मला जन्मात लिहिता आलेलं नाही.

मुलाखतीला मी दाराबाहेरच्या बाकावर, मान जमेल तितकी आत घालून बसलो होतो. डॉक्टरांचा मास्क खाली होता, पण पाठीमागे खिडकी होती, त्यामुळे त्यांचा चेहरा अंधारात. भाचीने विचारून आपली खुर्ची बाजूला ओढली, उजेड त्यांच्या तोंडावर घेतला आणि कन्नडमधल्या सगळ्या प्रश्नांना धडाधड उत्तरं दिली. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

शेवटी डॉक्टरांनी मराठीत विचारलं, मागून हाक मारली तर कसं कळणार?

“कळणार न्हाई, सर. समोर या, न्हाईतर टेबलावर थाप मारा.”

 डॉक्टर दारात गप्पा छाटत उभ्या असलेल्या आपल्या दवाखान्यातल्या माणसांकडे वळले आणि त्यांच्या तोंडून निघूनच गेलं, “दोन्ही कान धड असलेल्यांना मी दिवसभर हाका मारायलोय, एक बी वळून बघत न्हाई. हिनं निदान कसं बोलवायचं ते तरी सांगितलं. सोमवारपासून या, बाई.”