मधल्या रकान्याचं गिऱ्हाईक

वासण्यातल्या एका छोट्या कंपनीत मी डिझायनर होते. कंपनी बहीण-भावाची. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट सांभाळणारं सॉफ्टवेअर भाऊ लिहायचा, फोनवर ते विकायची बहीण. तिला आम्ही सगळे गुजराती रीतीने बेन म्हणायचो. नागरवाड्यातल्या घरी मराठी आणि इथे दिवसभर गुजराती, याची मला सवयच होती.

सुरुवातीला बेन दर फोनवरच सांगत. मग भाऊ म्हणाला, वेबसाइटवर दरांचं पान हवं. लहान, मधला, मोठा असे तीन प्लॅन, खाली कशात काय मिळतं त्याचा तक्ता. मधल्यावर त्याला ‘सर्वाधिक पसंती’ अशी पट्टी हवी होती.

“मधला किती जणांनी घेतलाय?” मी विचारलं.

“अजून कोणी नाही. पट्टी बघून घेतील.”

“मग पट्टी नको,” बेन म्हणाल्या. “फोनवर मला विचारतील, कोणी कोणी घेतलाय, तर मी काय सांगू?”

पट्टी गेली. प्रत्येक प्लॅनच्या नावाखाली तो कोणासाठी आहे, याची एक ओळ मी लिहायला घेतली. लहान: एकटे डॉक्टर. मोठा: अनेक शाखा. मधल्यापाशी अडले. दोन-तीन डॉक्टर असलेला दवाखाना, असं लिहिलं आणि तक्ता खालपर्यंत वाचला. मधल्यात जास्तीचे लॉगिन होते, अहवाल होते. पण पेशंटला अपॉइंटमेंटची आठवण करून देणारा एसएमएस फक्त मोठ्यात होता.

बेनना दाखवलं. त्या म्हणाल्या, “असे दवाखाने पहिल्यांदा एसएमएसचंच विचारतात. मोठा परवडत नाही म्हणून लहान घेतात आणि रिसेप्शनवरची मुलगी फोन करत बसते.”

भाऊ चिडला. “एकेका मेसेजचे पैसे आपण भरतो. मधल्यात फुकट कसे द्यायचे?”

“फुकट नको. महिन्याला ठरावीक द्या, पुढचे वेगळे,” मी म्हटलं. “त्या चौकटीत बरोबरच्या खुणेऐवजी आकडाच लिहू.”

तो चहाला खाली गेला. मला वाटलं, आपण रंग-अक्षरांपुरतं बोलायला हवं होतं. परत आला तो हिशेब करूनच. “आकडा मी ठरवणार,” म्हणाला. ठरवलाही, मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच कमी.

तिन्हींत सारख्या असलेल्या ओळी मी तक्त्यातून काढून वर एका वाक्यात घातल्या. तक्ता निम्मा झाला. दरासोबत ‘कर वेगळा’ हेही लिहिलं, बारीक अक्षरात नाही.

पान वेबसाइटवर आल्यावर मधला प्लॅन पहिल्यांदा अलकापुरीतल्या एका दंतवैद्य जोडप्याने घेतला. त्याआधी त्यांनी फोन करून विचारलं होतं, मेसेज संपले तर सॉफ्टवेअर बंद पडतं का? पडत नव्हतं. बेननी फोन ठेवला आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “हेही लिही तक्त्याखाली.”