एकशे वीस दिवसांचा भाव

कोळसा खदानीच्या टेंडरचा मेल गेला. गेला म्हणजे गेलाच. मंग मी उघडून पायला, तं आतमध्ये लिवलेलं, भाव तीस दिवस कायम. अन् टेंडरमध्ये होतं एकशे वीस! थोडं खाली पायलं तं आणखीन एक घाण. तांत्रिक माहितीसाठी संपर्क म्हणून आमच्या जुन्या मिस्त्रीचा नंबर, अन् तो मिस्त्री तं सोडून गेला, रोडच्या पलीकडच्या दुकानात. त्या दुकानानंही हेच टेंडर भरलेलं.

वणीले माह्या नवऱ्याच्या मामाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान हाय. जळलेल्या मोटारीतली तार काढायची, नवी तांब्याची भरायची. बारावी मधातच सुटली, पण मराठी टायपिंग येते मले, म्हणून माह्या लहान पोट्टीले घेऊन मी तिथं कंप्युटरवर बसते. मामाजी म्हणलेले, "खदानीच्या मोटारीचं काम भेटलं तं तुले पक्की ठेवतो. नाई तं दिवाळीनंतर पाहू."

आमच्या दुकानात नवा मेल कोणी लिवतच नाई. जुना काढायचा, विषय अन् पत्ता बदलायचा, पाठवायचा. मी कापसाच्या जिनिंगवाल्याले पाठवलेला काढला. तांब्याचा भाव रोज हालते, म्हणून त्या लोकाइले मामाजी तीसच दिवस देते. थेच तीस अन् थोच जुना नंबर खदानीच्या ऑफिसात गेले.

पोट्टी मांडीवर रडाले लागली. आताचे मिस्त्री काका आले, हाताले वार्निश.

"पोट्टी रडते थे समजते वो बाई, तू काहून रडून राह्यली?"

"काका, जुन्या मिस्त्रीचा नंबर गेला. साहेबानं काही विचारलं तं फोन तिकडं वाजन!"

"वाजू दे. आपल्या मोटारीची सारी कुंडली पाठ हाय त्याले."

"हसता काय!"

मामाजीले फोन लावला. ते एका जिनिंगमध्ये मोटार बसवाले गेलते, तिथं रेंज नाई. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मेल घ्यायची वेळ तीनपर्यंत, अन् अर्धा घंटा राह्यलेला.

"दुसरा मेल पाठवू का काका? एकशे वीसचा?"

"भावाचं तुह्या मनानं नको लिवू माय. तांबं चढलं तं मामाजीच्या खिशातून जाईन."

तेही खरंच. मी टेंडरची स्कॅन केलेली प्रत उघडली. पानापानावर मामाजीची सही अन् शिक्का. एकशे वीस दिवसाच्या पानावरही. म्हणजे कागदावर त्याइनं कबूल केलंच होतं, खोटं बोलून राह्यला होता तो माहा मेल.

"ही सही त्याइचीच नं?"

"सही त्याइचीच. शिक्के मारताना चहा पिऊन राह्यले होते, वाचलं का नाई थे देवाले ठाव."

मी लिवाले बसली. विषयात लिवलं, सुधारित. आतमध्ये, आधीचा मेल रद्द समजावा. आधीचा रद्द म्हणजे कागद सारे पुन्हा जोडाले लागते. सही-शिक्क्याची टेंडर प्रत, जीएसटी, पॅन, मागच्या कामाचं सर्टिफिकेट अन् लॉक केलेलं दरपत्रक, त्याचा पासवर्ड खदानवाले टेंडर उघडायच्या वेळेस मागते. यादी अन् फाइली बोट ठेवून ठेवून जुळवल्या. भाव टेंडर उघडल्यापासून एकशे वीस दिवस कायम. तांत्रिक माहितीसाठी मिस्त्री काकाचं नाव, दुकानाचा नंबर. पोट्टी कीबोर्डावर हात मारे, मी तिचा हात धरे. तीनच्या आत पाठवला.

संध्याकाळी मामाजी आले. मी सारं सांगितलं, मान वर केली नाई.

"एकशे वीस?"

"हो."

"सही माहीच हाय?"

"तुमचीच."

त्याइनं सहीच्या पानावर बोट फिरवलं. मंग म्हणले, "आता तार उद्याच उचलावी लागन, भाव चढायच्या आधी. पण विचारायचं होतं वो सूनबाई."

"विचारलं असतं," काका तिकडून म्हणले, "तुमचा फोन लागला असता तं!"

मामाजीले हसू आलं. मी मात्र पाठवलेला मेल पुन्हा उघडून वाचला.

मंग एका दुपारी दुकानाचा फोन वाजला. खदानीचे साहेब! तारेचं इन्सुलेशन कोणत्या क्लासचं, म्हणजे किती गरमी झेलणारं देता, विचारत होते. काकाचे हात वार्निशात, म्हणून मी रिसीव्हर त्याइच्या कानाले धरला, दुसऱ्या खांद्यावर पोट्टी.

"एफ क्लास साहेब. वार्निश भट्टीत सुकवूनच देतो."

दुसरा मेल वाचल्याबिगर असं कोणी विचारते का? अन् आमच्याच नंबरावर! निकाल लागला नाई अजून. मामाजीनं मात्र तांबं आणून ठेवलं, अन् माह्या टेबलाजवळ पोट्टीसाठी झोका बांधून दिला.

पण त्या दिवशीचं अजून आठवते. फोन लागत नाई, घड्याळ पळते, भाव दुसऱ्याचा अन् बोट आपलं. तुम्ही असते तं मामाजीची वाट पायली असती, का पाठवला असता?