मागून घेतलेला चहा

बोईसरच्या कारखान्यांतून विजेच्या जुन्या मोटारी आणि पंप विकत घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा माझा धंदा. सफाळ्याजवळच्या गावातून आलो तेव्हा दुसऱ्याच्या गोदामात याच मोटारी खांद्यावर वाहायचो. आज गोदाम माझं, टेम्पो माझा, आणि तारापूर रोडवर मला भाव शिकवणारा माणूस अजून जन्मलेला नाही. ही फुशारकी वाटत असेल तर वाटू दे. मला काही कोणी ताटात वाढून दिलेलं नाही.

भाव आपण आधी सांगायचा नाही, हा माझा धंद्यातला नियम. कारखान्याच्या मॅनेजरसमोर बसायचं, चहा प्यायचा, इकडचं तिकडचं बोलायचं, मोटारीकडे बघायचंसुद्धा नाही. जो आधी तोंड उघडतो तो मार खातो.

माझी बायको सातपाटीची. तिच्या आईने जन्मभर मासळी विकली, तेव्हा ही विद्या तिच्याही रक्तात होती. लग्नानंतर मी गोदाम बंद करून घरी आलो की ती चहा टाकायची आणि आज कोणाला कसा वाकवला ते ऐकायची. मध्येच म्हणायची, "एवढ्यावर सोडलंत? माझ्या आईने अजून काढले असते." मला राग यायचा, आणि बरंही वाटायचं.

मुलगा झाला आणि तो चहा बंद पडला.

पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी होती. बारसंही तिकडेच झालं. बारसं म्हणजे सगळा बायकांचा कारभार. पाळणा सजला, माझ्या बहिणीने बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि मला सरबतासाठी बर्फ आणायला पिटाळलं. बर्फ घेऊन आलो तोवर फोटो काढून झाले होते. बारशाच्या एकाही फोटोत बाप नाही. सासूबाईंना बोललो तर म्हणाल्या, "जावय, पोर तुमचंच हाय, त्याला फोटो कशाला पायजे?" सगळे हसले. मी अजून हसलेलो नाही.

ती बोईसरला परत आली तेव्हा वाटलं, आता घर जागेवर येईल. पण मी बाळाला घ्यायला हात पुढे केला की, "मान धरा, मान!" जरा हलवलं की, "असं नाही हो, द्या इकडे." हात धुऊन आलो तरी, "नीट धुतले ना?" टनाची मोटार साखळीला लावून अलगद उतरवणारा माणूस मी, आणि घरात मला चार किलोचं पोर धरता येत नव्हतं. मग मी हात पुढे करणंच सोडलं. गोदामात काम नसलं तरी बसून राहायला लागलो.

एका संध्याकाळी जेवताना म्हणालो, "या बोईसरात मोटार बिघडली तरी चार माणसं येऊन बघतात."

ती म्हणाली, "मग बिघडा."

त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोलू लागलो. दूध आणा, डायपर आणा, गॅस संपलाय. मी वाट बघत होतो की ती विचारेल, "तुम्हाला काय झालंय?" ती कशाची वाट बघत होती, हे मला माहीत नव्हतं. एकाच मालासमोर बसलेले दोन पक्के व्यापारी, आणि दोघांच्याही तोंडाला कुलूप.

एका दुपारी सौदा लवकर आटपला म्हणून घरी आलो, तर ती बाळाचे कपडे बॅगेत भरत होती.

"कुठे?"

"आईकडे. हा चालायला लागेपर्यंत."

"आणि मी?"

"तुमचं काय अडतंय इथे? तिकडे निदान आई विचारते, बाई, जेवलीस का."

माझं डोकं फिरलं. "आणि मला कोण विचारतं? मी कोणासाठी मरतोय त्या गोदामात?"

"तेच! तुम्ही गोदामात. येणारीजाणारी सगळी बाळाला विचारतात. झोपतं का, दूध पुरतं का, वजन वाढलं का. मी काय दुधाची पिशवी आहे? माझे टाके दुखतात, केस मूठमूठ गळतायत, कोणाला दिसलं? तुम्हाला दिसलं?"

हॉस्पिटलचं बिल, घराचा हप्ता, अशी उत्तरं माझ्या जिभेवर तयार होती. ती दिली असती तर मी जिंकलो असतो आणि ती सातपाटीला गेली असती. मी खाली बसलो. गोदामात जे मी कोणाला कधी माफ केलं नसतं ते केलं. भाव आधी सांगितला.

"मला संध्याकाळचा चहा तुझ्यासोबत हवाय."

"आता तुमच्यासाठी चहाही मीच टाकू?"

"चहा मी टाकतो. तू नुसती बस. तू काही करत नाहीस असं म्हणत नाहीये. मला तुझी आठवण येते. तू समोर असतेस तरी येते."

ती बराच वेळ बॅगेच्या चेनशी चाळा करत राहिली. मला वाटलं, आता पाडून मागणार. पण तिनेही आपला भाव सांगितला. "रोज मला विचारायचं, मी कशी आहे. बाळ नाही, मी. आणि मी सांगितलं की ऐकायचं."

"बरं. आणि त्याला मला देत जा. तू शेजारी उभी राहून नाही. पुरता दे."

"पाडाल."

"नाही पाडणार."

"बरं. त्याची सकाळची अंघोळ तुमच्याकडे."

बॅग मात्र तिने रिकामी केली नाही. पलंगाशेजारी तशीच ठेवली.

ठरलं म्हणून लगेच जमलं असं नाही. पहिल्याच संध्याकाळी चहा ओतून मी विचारलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "पाठ मोडलीय. पोर दिवसभर अंगाला चिकटून असतं. कधीकधी वाटतं, कोणी हातसुद्धा लावू नये." मी लगेच म्हणालो, "उद्यापासून बाई लावू."

"उपाय नकोय हो. ऐका ना."

मी ऐकलं. गप्प बसणं मला येत होतंच, पण ते समोरच्याला घायकुतीला आणण्यासाठी. ऐकण्यासाठी गप्प बसणं वेगळं. मग माझा नंबर आला. पंपाचा सौदा सांगायला लागलो तर तिचे डोळे मिटत होते. मला टोमणा सुचला होता, तो गिळून म्हणालो, "थोडंच सांगतो, पण माझ्याकडे बघ." तिने बघितलं.

अंघोळीला मी पाटावर पाय पसरून बसलो, पाणी कोपराने तपासलं आणि बाळाला नडग्यांवर पालथं घेतलं. तेल लावलेलं पोर बोंबलासारखं निसटतं. ती दारात आली, ओठ दाताखाली धरून उभी राहिली, आणि एक शब्द न बोलता आत गेली. तेवढं करणं तिला किती जड गेलं असेल, ते मी जाणतो.

ती बॅग कधी रिकामी झाली, ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मुलगा पेज खायला लागल्यावर एका रविवारी ती एकटी सातपाटीला गेली. सासूबाईंनी दारातच विचारलं म्हणे, "पोर कुठं हाय?"

"बापाकडे."

"त्याला जमतं?"

"तुझ्यापेक्षा बरं," असं माझी बायको म्हणाली. हे मला तिनेच सांगितलं, आणि मी ते तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

संध्याकाळी ती परतली तेव्हा माझ्या शर्टावर पेज सांडली होती आणि पोर खांद्यावर झोपलं होतं. मला वाटलं, आधी त्याला घेईल. पर्स ठेवून ती माझ्याकडे वळली.

"तुम्ही जेवलात?"

"नाही. आधी सांग, कशी आहेस?"

"छान आहे," ती म्हणाली. "बसा असेच, उठू नका, तो जागा होईल. आज चहा मी टाकते."